डेटा फ्लो डायग्राम, ट्रस्ट बाउंडरी आणि छेडछाडीच्या जागा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थ्रेट मॉडेलिंगसाठी, म्हणजे यंत्रणेवर हल्ला कुठून होऊ शकतो ते आधीच शोधण्यासाठी, डेटा फ्लो डायग्राम (पुढे नुसतं डीएफडी) काढायला बसलेल्या टीमकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं सगळी एकाच उदाहरणावर बेतली आहेत. देवगडच्या बागायतदारांचा एक गट आपल्या वेबसाइटवर हापूसच्या पेट्या विकतो, पैसे पेमेंट गेटवेमार्फत घेतो आणि माल कुरिअरने पाठवतो. एक पेटी ₹४,००० ला. उदाहरण समजावण्यासाठी रचलेलं आहे, पण त्यातली प्रत्येक चूक खऱ्या साइटवर सापडणाऱ्या चुकांपैकीच आहे.

१. आमच्याकडे फ्लोचार्ट आहे, सर्व्हरचा आर्किटेक्चर डायग्रामही आहे. मग डीएफडी वेगळा कशाला?

कारण तिघांची उत्तरं वेगळ्या प्रश्नांची आहेत. फ्लोचार्ट सांगतो की कोणत्या पायरीनंतर कोणती पायरी येते. आर्किटेक्चर डायग्राम सांगतो की कोणती यंत्रं कुठे बसवली आहेत. डीएफडी सांगतो की कोणती माहिती कुणाकडून निघाली, कुणाच्या हातातून गेली आणि कुठे जाऊन थांबली.

आपल्या साइटच्या फ्लोचार्टमध्ये एक चौकट असेल: ‘पेमेंट झालं का?’ हो असेल तर पेटी पाठवा. पण हे ‘हो’ सर्व्हरला कुणी सांगितलं? ग्राहकाच्या ब्राउझरने, गेटवेने, की ऑफिसात बसलेल्या माणसाने? फ्लोचार्टला त्याचा पत्ता नसतो. डीएफडीत मात्र त्या ‘हो’चा बाण काढावाच लागतो, आणि बाण कुठून निघतो ते लिहावंच लागतं. फसवणूक नेमकी तिथेच होते.

ही पद्धत १९७० च्या दशकात सॉफ्टवेअरची रचना समजून घेण्यासाठी आली, तेव्हा तिचा सुरक्षेशी संबंध नव्हता. पुढे सुरक्षेचं काम करणाऱ्यांनी तिच्यात एकच महत्त्वाची भर घातली: ट्रस्ट बाउंडरी, म्हणजे विश्वासाची सीमारेषा.

२. चिन्हं किती शिकावी लागतात?

पाच. आयत म्हणजे आपल्या ताब्याबाहेरचा माणूस किंवा यंत्रणा, जसे ग्राहक, गेटवे, कुरिअर. वर्तुळ म्हणजे माहितीवर काम करणारी प्रक्रिया, म्हणजे आपलं वेब ॲप, ॲडमिन पॅनेल. दोन आडव्या समांतर रेषा म्हणजे माहितीचा साठा: डेटाबेस, फाइल, लॉग. बाण म्हणजे माहितीचा प्रवाह. आणि तुटक रेषा म्हणजे ट्रस्ट बाउंडरी.

दोन नियम मात्र पाळा. बाणावर क्रियापद लिहू नका, माहितीचं नाव लिहा. ‘सेव्ह करतो’ यावरून काहीच कळत नाही. ‘ऑर्डर क्रमांक, रक्कम, पत्ता’ यावरून कोणती गोष्ट बदलली तर नुकसान होईल ते लगेच दिसतं. दुसरा नियम, माहिती एका साठ्यातून दुसऱ्या साठ्यात आपोआप जात नाही. दोन साठ्यांना थेट जोडणारा बाण दिसला की मधली एखादी प्रक्रिया सुटली आहे असं समजा. बहुतेकदा ती रात्री चालणारी बॅकअपची स्क्रिप्ट निघते, आणि तिच्याकडे सगळ्यात जास्त अधिकार असतात.

३. हापूसच्या साइटचा डायग्राम शब्दांत सांगाल का?

हे त्यातले बाण. पुढच्या उत्तरांत याच क्रमांकांनी उल्लेख येतील.

बाण १: ग्राहकाचा ब्राउझर → वेब ॲप. पेटीचा प्रकार, नग, कूपन, पत्ता.
बाण २: वेब ॲप → डेटाबेस. ऑर्डर, रक्कम, ऑर्डरची स्थिती.
बाण ३: वेब ॲप → गेटवे. रक्कम जाते आणि गेटवेचा `order_id` परत येतो.
बाण ४: ब्राउझर → गेटवे. कार्डाचा किंवा यूपीआयचा तपशील.
बाण ५: गेटवे → ब्राउझर → वेब ॲप. `order_id`, `payment_id` आणि `signature`, म्हणजे गेटवेची सही.
बाण ६: गेटवे → वेब ॲप. वेबहूक, म्हणजे पैसे आल्याचा थेट निरोप.
बाण ७: डेटाबेस → ॲडमिन पॅनेल → पॅकिंगचा लॅपटॉप. पाठवायच्या ऑर्डरींची यादी.
बाण ८: स्क्रिप्टचे साठे → ब्राउझर. साइटच्या फाइली, गेटवेची चेकआउट स्क्रिप्ट, ॲनालिटिक्सची स्क्रिप्ट.

कार्डाचा क्रमांक आपल्या एकाही साठ्यात जात नाही, हे लक्षात घ्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२२ पासून व्यापाऱ्याला ग्राहकाच्या कार्डाचा क्रमांक साठवता येत नाही. तुमच्या डायग्राममध्ये तो एखाद्या साठ्याकडे जाणारा बाण दिसला, अगदी डीबग लॉगकडे जाणारा असला तरी, तिथेच थांबा आणि आधी तो काढून टाका.

बाण ५ कडेही नीट पाहा. बाण ५ आणि ६ एकच बातमी आणतात, पण एक ग्राहकाच्या हातातून येतो आणि दुसरा थेट. हा फरक प्रश्न ८ आणि ९ मध्ये कामाला येईल.

४. ट्रस्ट बाउंडरीची रेषा नक्की कुठे ओढायची?

प्रत्येक बाणाच्या दोन्ही टोकांना एक प्रश्न विचारा: इथली माहिती बदलण्याचा अधिकार कुणाकडे आहे? दोन टोकांची उत्तरं वेगळी आली, तर मध्ये रेषा.

ब्राउझर ग्राहकाच्या ताब्यात आहे. त्यात चालणारं जावास्क्रिप्ट आपण लिहिलं असलं तरी ते ग्राहकाच्या यंत्रावर चालतं, त्याला ते हवं तसं बदलता येतं, किंवा ब्राउझर बाजूला ठेवून थेट सर्व्हरला हवी ती विनंती पाठवता येते. म्हणून बाण १ आणि ५ सीमा ओलांडतात. गेटवेवर आपला व्यवहाराचा विश्वास आहे, तरी त्याच्या नावाने कुणीही निरोप पाठवू शकतो, म्हणून बाण ६ ही ओलांडतो. पॅकिंगच्या लॅपटॉपवर बसणारा माणूस आपलाच आहे, पण त्या लॅपटॉपवरची फाइल त्याला, आणि त्या लॅपटॉपला हात लावणाऱ्या प्रत्येकाला, बदलता येते. डेटाबेस मात्र बदलता येत नाही. तिथेही रेषा.

रेषा ओढून काम संपत नाही. ती ओलांडणाऱ्या प्रत्येक बाणाशेजारी, जिथे बाण पोहोचतो त्या टोकाला, दोन ओळी लिहा: पाठवणारा खरा आहे हे इथे कसं कळतं, आणि आलेल्यातलं काय आपण स्वीकारतो व काय स्वतः ठरवतो. माझ्या मते अख्ख्या डायग्राममध्ये सगळ्यात मोलाचा मजकूर हाच. रेषा सुबक असलेले आणि या दोन ओळी नसलेले डायग्राम मी खूप पाहिले आहेत, आणि त्यांतून एकही दोष सापडत नाही.

५. वेब ॲप आणि डेटाबेस एकाच खासगी नेटवर्कमध्ये आहेत. त्यांच्यामध्ये रेषा हवी का?

नेटवर्क एक असणं म्हणजे विश्वास एक असणं नव्हे. डेटाबेसपर्यंत आणखी कोण पोहोचतं ते मोजा. साधारणतः बॅकअपची स्क्रिप्ट, रिपोर्ट काढणारं साधन, आणि लॅपटॉपवरून थेट जोडणी करून ‘एवढी एक ऑर्डर दुरुस्त करतो’ म्हणणारा डेव्हलपर निघतो. हे सगळे वेब ॲपमधल्या तपासण्या टाळून आत येतात. असं एक जरी असलं तरी रेषा ओढा आणि त्या प्रत्येकाचा बाण काढा.

खरोखरच वेब ॲपखेरीज कुणीच डेटाबेसला जोडत नसेल आणि दोन्हींचा कारभार एकाच माणसाकडे असेल, तर रेषा नसली तरी चालेल. फक्त तसं डायग्रामवर लिहून ठेवा, म्हणजे उद्या कुणी रिपोर्टचं साधन जोडलं की हे गृहीतक मोडलं हे कळेल.

६. छेडछाड कोणत्या घटकावर होऊ शकते? स्ट्राइडमधली बाकीची अक्षरंही लावायची का?

स्ट्राइड ही १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टमध्ये लॉरेन कोहनफेल्डर आणि प्रेरित गर्ग यांनी मांडलेली धोक्यांची सहा गटांतली, त्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून नाव पडलेली वर्गवारी: तोतयेगिरी, छेडछाड, नाकबुली, माहितीची गळती, सेवा बंद पाडणं आणि अधिकार बळकावणं. छेडछाड, म्हणजे अधिकार नसताना माहिती किंवा कोड बदलणं, ही त्यातली दुसरी.

डीएफडीच्या घटकांवर ती अशी बसते. छेडछाड बाणावर होते, साठ्यावर होते आणि प्रक्रियेवर होते. बाहेरच्या आयतावर ती मोजत नाहीत, कारण तो मुळातच आपल्या ताब्यात नाही. ग्राहकाने स्वतःचा ब्राउझर बदलला तर ती त्याच्या घरातली गोष्ट. त्याने पाठवलेलं आपण जसंच्या तसं मानलं, तर दोष आपल्या प्रक्रियेत आहे.

सुरुवातीला सहाही अक्षरं सगळ्या घटकांना लावू नका. आठ बाणांच्या डायग्राममधून शंभरेक ओळींचा तक्ता तयार होतो आणि तो कुणी वाचत नाही. पैशाच्या व्यवहारात आधी फक्त छेडछाड घेऊन सीमा ओलांडणारे बाण फिरा, मग साठे. बाकीचे धोके वाटेत आपोआप समोर येतात.

७. किंमत ब्राउझरमधूनच येते, पण ती लपवलेल्या फील्डमध्ये आहे. तरी धोका आहे?

आहे. लपवलेलं फील्ड पानावर दिसत नाही इतकंच. ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये ते उघडं असतं आणि टाइप करून बदलता येतं.

गेटवेला रक्कम बहुधा पैशांत द्यावी लागते. एका पेटीचे ₹४,००० म्हणजे `400000`. हा आकडा बाण १ मधून येत असेल, तर ग्राहक त्याजागी `400` पाठवेल. सर्व्हर तो बाण ३ मधून गेटवेकडे देईल, गेटवे ₹४ घेईल आणि ‘पेमेंट यशस्वी’ असा अगदी खरा निरोप पाठवेल. सही बरोबर, वेबहूक बरोबर, पैसे मात्र चार रुपये. पुढे कितीही सह्या तपासल्या तरी हे सापडणार नाही, कारण चूक सही होण्याआधी घडली आहे.

म्हणून बाण १ मध्ये किंमत नकोच. पेटीचा प्रकार आणि नग एवढंच येऊ द्या. भाव सर्व्हरने आपल्या तक्त्यातून घ्यावा. नग पूर्णांक आहे का, एकपेक्षा कमी नाही ना, तेही पाहा. एका ओळीत दोन पेट्या आणि दुसऱ्या ओळीत उणे एक पेटी अशी ऑर्डर स्वीकारली, तर एकूण रक्कम सर्व्हरनेच काढलेली असूनही चुकीची येते. कूपनचंही तसंच: ब्राउझरने कूपनचं नाव पाठवावं, सवलतीचा आकडा नाही.

८. पेमेंटनंतर गेटवेची सही तपासतो. तरीही न भरलेली ऑर्डर ‘भरली’ झाली. कसं शक्य आहे?

हा प्रश्न सगळ्यात अवघड आणि सगळ्यात शिकवणारा, म्हणून सावकाश पाहू.

बाण ५ मध्ये ग्राहकाच्या ब्राउझरमार्फत तीन गोष्टी येतात. त्यातली `signature` अनेक गेटवे `order_id` आणि `payment_id` एकत्र जोडून, फक्त आपल्याला आणि गेटवेला ठाऊक असलेल्या गुप्त कीने बनवतात. ग्राहकाला की माहीत नाही, म्हणून त्याला नवी सही बनवता येत नाही. इथपर्यंत ठीक.

आता समजा साइटवर चाखण्यासाठी ₹२०० चा छोटा बॉक्स आहे. ग्राहक तो मागवतो, रीतसर पैसे भरतो आणि त्या व्यवहाराची तिन्ही मूल्यं आपल्याकडे ठेवतो. मग दहा पेट्यांची ₹४०,००० ची दुसरी ऑर्डर उघडतो. पैसे भरत नाही. त्या ऑर्डरच्या ‘पेमेंट झालं’ या पत्त्यावर तो आधीच्या बॉक्सची तीन मूल्यं पाठवतो. सर्व्हर ब्राउझरने दिलेला `order_id` घेतो, ब्राउझरने दिलेला `payment_id` घेतो, सही काढून पाहतो. जुळते, कारण ती खरीच आहे. आणि सर्व्हर चालू ऑर्डरवर, म्हणजे दहा पेट्यांवर, ‘भरली’ असा शिक्का मारतो.

छेडछाड मूल्यांत झालीच नाही. खरी मूल्यं चुकीच्या जागी आणली गेली.

उपाय सीमेच्या आतल्या टोकाला आहे. सही पडताळताना `order_id` ब्राउझरकडून घ्यायचा नाही; ही ऑर्डर तयार करताना बाण ३ मधून जो मिळाला आणि बाण २ मधून आपण साठवला, तोच डेटाबेसमधून काढायचा. मग बॉक्सची सही पेट्यांच्या ऑर्डरला जुळणारच नाही. शिवाय `payment_id` डेटाबेसमध्ये एकदाच नोंदवता येईल असं बंधन घाला, आणि माल सोडण्याआधी सर्व्हरवरून थेट गेटवेला विचारून रक्कम आणि पेमेंटची स्थिती मिळवा. सही एवढंच सांगते की हे पेमेंट त्या ऑर्डरचं आहे. पैसे किती आले हे ती सांगत नाही.

हा दोष कोड वाचताना सहज नजरेतून सुटतो. डायग्रामवर मात्र ‘सही तपासण्यासाठी लागणारी मूल्यं कुठून येतात?’ असं विचारत बाण मागे मागे नेला, की तो ब्राउझरपाशी जाऊन थांबतो आणि चूक उघडी पडते.

९. वेबहूक थेट गेटवेकडून येतो. तो तरी विश्वासाचा ना?

तो गेटवेकडून येतो असं आपण समजतो. प्रत्यक्षात तो इंटरनेटवरच्या एका उघड्या पत्त्यावर येतो, आणि तो पत्ता ज्याला कळला त्याला तिथे हवं ते पाठवता येतं. म्हणून इथेही सही हवी, आणि ती निरोपाच्या मूळ बाइट्सवर तपासायला हवी:

```python
import hmac, hashlib

def webhook_ok(raw_body: bytes, sent_sig: str, secret: bytes) -> bool:
    mine = hmac.new(secret, raw_body, hashlib.sha256).hexdigest()
    return hmac.compare_digest(mine, sent_sig)
```

`raw_body` हा शब्द महत्त्वाचा. अनेक फ्रेमवर्क आलेलं जेसन आधी उलगडतात. ते पुन्हा मजकुरात बदलून सही काढली तर एखादी मोकळी जागा किंवा दशांशाची मांडणी बदलते आणि सही जुळत नाही. मग घाईत कुणीतरी तपासणीच बंद करतं आणि ‘नंतर पाहू’ अशी टिप्पणी कोडमध्ये राहून जाते. कोडमध्ये ती टिप्पणी शोधा.

सही जुळली तरी दोन गोष्टी उरतात. तोच निरोप दोनदा येऊ शकतो, कारण आपल्याकडून वेळेत उत्तर न मिळाल्यास गेटवे पुन्हा पाठवतो. म्हणून प्रत्येक निरोपाची ओळख नोंदवून ठेवा, नाहीतर एका पेमेंटवर दोन पेट्या निघतील. आणि निरोप क्रमानेच येतील याची खात्री नसते. ग्राहकाचा पहिला प्रयत्न फसला आणि दुसरा यशस्वी झाला, तर ‘फसलं’ हा निरोप ‘झालं’च्या नंतर पोहोचू शकतो. ‘भरली’ झालेली ऑर्डर अशा निरोपाने मागे जाता कामा नये.

१०. आमच्याकडे एचटीटीपीएस आहे. बाणांवरची छेडछाड त्यानेच थांबते ना?

वाटेतली थांबते, टोकांवरची नाही. ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यामध्ये कुणी तिसरा असेल तर टीएलएसमुळे, म्हणजे एचटीटीपीएसमधल्या सुरक्षित जोडणीमुळे, त्याला मजकूर बदलता येत नाही. पण प्रश्न ७ आणि ८ मधला हल्लेखोर तिसरा नाहीच, तो स्वतः टोकावर बसलेला ग्राहक आहे.

आणखी एक गोष्ट डायग्रामवर दाखवा: टीएलएस नक्की कुठे संपतं. साइटच्या पुढे सीडीएन किंवा लोड बॅलन्सर असेल तर सुरक्षित जोडणी बहुधा तिथे उलगडली जाते, आणि पुढचा प्रवास कधीकधी उघड्या एचटीटीपीने होतो. म्हणजे ब्राउझर ते वेब ॲप हा एक बाण खरं तर दोन बाण आहेत आणि मध्ये एक प्रक्रिया आहे, जिला सगळा मजकूर वाचता आणि बदलता येतो. ती तुमच्या डायग्राममध्ये वर्तुळ म्हणून दिसायला हवी.

११. बाण ८ कशाला काढायचा? स्क्रिप्ट हा काही डेटा नव्हे.

पानावर चालणारी प्रत्येक स्क्रिप्ट त्या पानावर टाइप होणारं सगळं वाचू शकते आणि बदलूही शकते. म्हणून स्क्रिप्टचा साठा हा पैशाच्या वाटेवरचा साठा आहे.

२०१८ मध्ये ब्रिटिश एअरवेजच्या साइटवर नेमकं हेच झालं. हल्लेखोरांनी साइटवरच्या एका जावास्क्रिप्ट फाइलमध्ये थोड्याशा ओळी घातल्या. ग्राहक पैसे भरायचा, तिकीट नीट मिळायचं, आणि त्याच वेळी कार्डाचा तपशील `baways.com` या मिळत्याजुळत्या नावाच्या सर्व्हरकडे जायचा. ऑक्टोबर २०२० मध्ये ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी कंपनीला २ कोटी पौंडांचा दंड केला. बदललेली फाइल कंपनीच्याच साइटवरून येत होती, हे ध्यानात घ्या. ‘आपल्या डोमेनवरून आली म्हणजे आपली’ अशी रेषा ओढली असती तर हा धोका डायग्रामवर दिसलाच नसता. विचारायला हवं होतं की त्या साठ्यात लिहू कोण शकतं.

आपल्या साइटवर ॲनालिटिक्सची स्क्रिप्ट चेकआउटच्या पानावर ठेवू नका. तिथे तिचं काम नाही. ज्या बाहेरच्या फाइली बदलत नाहीत त्यांच्या टॅगवर `integrity` हॅश लावा. गेटवेच्या चेकआउट स्क्रिप्टला मात्र हा उपाय लागू पडत नाही: गेटवेने तिच्यात बदल केला की हॅश जुळत नाही आणि पेमेंटच बंद पडतं. तिथे `Content-Security-Policy` ने पान कोणत्या पत्त्यांशी बोलू शकतं ते मर्यादित करा. अनोळखी पत्त्याकडे माहिती जाण्याची वाट त्याने बरीच अरुंद होते.

१२. साठ्यांवरच्या छेडछाडीचं काय? डेटाबेसला पासवर्ड आहे.

पासवर्ड कुणाकुणाकडे आहे, आणि तो मिळाल्यावर काय काय बदलता येतं, हे पाहा. वेब ॲपला भावाचा तक्ता फक्त वाचायचा असतो. तरीही बहुतेक ठिकाणी त्याच्या डेटाबेस खात्याला सगळ्या तक्त्यांवर लिहिण्याचा अधिकार असतो, आणि मग वेब ॲपमध्ये एक एसक्यूएल इंजेक्शन सापडलं की पेटीचा भाव बदलता येतो. प्रश्न ७ मध्ये इतक्या कष्टाने किंमत सर्व्हरवर आणली, ती पुन्हा हल्लेखोराच्या हातात. भावाचा तक्ता आणि ऑर्डरी हे डायग्रामवर दोन वेगळे साठे काढा. मग लिहिण्याचे बाण कुठून येतात ते वेगवेगळं दिसतं, आणि अधिकारही तसेच वाटता येतात.

लॉगचा साठाही असाच तपासा. ज्या खात्याने ऑर्डर बदलता येते त्याच खात्याने लॉग पुसता येत असेल, तर त्या लॉगचा पुरावा म्हणून उपयोग नाही. तो वेगळ्या यंत्रणेकडे पाठवा, जिथे वेब ॲपला भर घालता येते पण खोडता येत नाही.

आणि छेडछाड झाली हे कळण्याचा साधा मार्ग: रोज गेटवेचा अहवाल आणि डेटाबेसमधल्या ‘भरली’ ऑर्डरी समोरासमोर ठेवा. एकीकडे असलेली आणि दुसरीकडे नसलेली, किंवा रक्कम वेगळी असलेली ओळ म्हणजे वरच्यापैकी कोणतीतरी तपासणी गळते आहे.

१३. बाण ७ आतल्या आतला आहे. पॅकिंगच्या यादीत काय बिघडणार?

पत्ता ग्राहकाने टाइप केला होता. तो बाण १ मधून सीमा ओलांडून आला, डेटाबेसमध्ये बसला, आणि आता ‘आपला’ डेटा म्हणून बाहेर पडतो आहे. साठ्यात काही तास राहिल्याने तो विश्वासार्ह होत नाही.

पत्त्याच्या रकान्यात `=` ने सुरू होणारा मजकूर असेल आणि यादी सीएसव्ही करून एक्सेलमध्ये उघडली, तर एक्सेल तो सूत्र म्हणून चालवू पाहतं. ॲडमिन पॅनेलमध्ये तोच मजकूर एस्केप न करता दाखवला, तर त्यातली स्क्रिप्ट ॲडमिनच्या अधिकाराने चालते. म्हणून डायग्रामवर प्रत्येक साठ्यातून बाहेर पडणाऱ्या मूल्यापाशी त्याचं मूळ लिहा. ‘पत्ता, मूळ ग्राहक’ एवढे शब्द पुरतात.

यादी लॅपटॉपवर फाइल म्हणून उतरल्यावर त्यातला पत्ता बदलणंही सोपं आहे. कुरिअरची लेबलं फाइलवरून छापण्याऐवजी थेट पॅनेलमधून निघाली, तर हा बाणच नाहीसा होतो.

१४. किती तपशिलात जायचं? आमचा डायग्राम भिंतभर झाला आहे.

वरच्या पातळीवर सगळी यंत्रणा एका वर्तुळात दाखवा आणि बाहेरचे आयत काढा. दुसऱ्या पातळीवर ते वर्तुळ उघडा. आपले आठ बाण त्या पातळीचे आहेत. त्याखाली फक्त तिथेच जा, जिथे एका वर्तुळाच्या आतही विश्वास बदलतो. आपल्या साइटवर तसं एकच ठिकाण आहे: वेब ॲपमधला वेबहूक घेणारा भाग आणि ग्राहकाला पानं दाखवणारा भाग. बाकी वर्तुळं उघडून काही हाती लागत नाही.

साधनाची फार चिंता करू नका. ओवॅस्पचं थ्रेट ड्रॅगन आणि मायक्रोसॉफ्टचं थ्रेट मॉडेलिंग टूल ही दोन्ही फुकट आहेत; फळ्यावर काढून फोटो ठेवला तरी चालतो. डायग्राम कोडच्याच रिपॉझिटरीत ठेवा आणि नवा बाण, नवा साठा किंवा नवी बाहेरची सेवा जोडणारा बदल मंजूर करताना तोही बदलला आहे का ते पाहा.

१५. सगळे बाण तपासले, तरी न भरलेल्या पेट्या जातात. आणखी कुठे पाहू?

सॉफ्टवेअरबाहेरचे बाण पाहा. हंगामात अर्ध्या ऑर्डरी फोनवर येत असतील, तर ग्राहक यूपीआयने पैसे भरून व्हॉट्सॲपवर स्क्रीनशॉट पाठवतो, आणि ऑफिसातला माणूस तो पाहून पॅनेलमध्ये ‘भरली’ असं टिक करतो. हा बाण कुणाच्याच डायग्राममध्ये नसतो, कारण त्याचा कोड कुणी लिहिलेला नाही. पण प्रश्न ४ ची कसोटी लावा: स्क्रीनशॉट बदलण्याचा अधिकार कुणाकडे आहे? पूर्णपणे ग्राहकाकडे. सही नाही, पडताळणी नाही, आणि ‘पेमेंट झालं’चा हुबेहूब पडदा दाखवणारी बनावट ॲप्स सर्रास वापरात आहेत.

हा बाण काढा, सीमा ओलांडताना दाखवा आणि आतल्या टोकाला तपासणी लिहा: स्क्रीनशॉटवरून टिक नाही. यूपीआय व्यवहाराला १२ अंकी संदर्भ क्रमांक असतो; तो क्रमांक आणि रक्कम आपल्या बँक खात्याच्या नोंदीत, आपल्या स्वतःच्या ॲपमध्ये, सापडली तरच. क्रमांक ऑर्डरसोबत साठवा आणि तोच क्रमांक दुसऱ्या ऑर्डरला लागू नये असं बंधन घाला, कारण एकच खरं पेमेंट दोन ऑर्डरींसाठी दाखवणं म्हणजे प्रश्न ८ मधलाच हल्ला आहे. त्याहून बरं म्हणजे फोनवरच्या ऑर्डरीलाही गेटवेची पेमेंट लिंक पाठवा. मग पैशाची बातमी बाण ६ नेच येते आणि हाताने टिक करण्याचं बटण पॅनेलमधून काढून टाकता येतं.